ऑडिट फीची मार्चमध्ये तरतूद, बिल ऑगस्टमध्ये: टीडीएस नक्की कधी कापायचा?

रोजमेळ:
आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे. ३१ मार्च २०२५ ला ऑडिट फीचे १,००,००० खर्चाला टाकून 'देणे ऑडिट फी'ला जमा केले, टीडीएस कापला नाही. आता बिल आलंय: फी १,००,०००, प्रवास व हॉटेल ८,४००, त्यावर जीएसटी १९,५१२, एकूण १,२७,९१२. पैसे २० ऑगस्टला द्यायचेत. कापायचे किती आणि कशावर?

पैशाचं_बोला:
बिलाशिवाय टीडीएस कसला? तरतूद म्हणजे अंदाज. आता कापा आणि ७ सप्टेंबरपर्यंत भरा.

खतावणी:
भरण्याची तारीख बरोबर, पण पहिलं वाक्य महागात पडेल. १९४जे मध्ये जमा किंवा पेमेंट, जे आधी होईल तेव्हा कापायचं असतं, आणि रक्कम सस्पेन्स किंवा कुठल्याही नावाच्या खात्यात टाकली तरी ती जमाच धरतात. ऑडिटर ठरलेला, फी ठरलेली. मग अंदाज कुठे उरला? मार्चमध्येच ९०,००० देणे आणि १०,००० टीडीएस अशी नोंद करून ३० एप्रिलपर्यंत भरायला हवं होतं.

आता १०,००० वर महिना १ टक्का व्याज लागेल. अर्धवट महिनाही पूर्ण धरतात, म्हणजे मार्च ते ऑगस्ट सहा महिने, ६०० रुपये. शिवाय फीच्या ३० टक्के, ३०,००० रुपये, २०२४-२५ च्या उत्पन्नात परत जोडावे लागतील. आता कापून भरलेत की २०२५-२६ मध्ये वजावट मिळेल. ऑडिटरने ती रक्कम आपल्या विवरणपत्रात दाखवून कर भरला असेल तर २६ए फॉर्मने सुटका होऊ शकते.

सोसायटी_सचिव:
आमच्या सोसायटीची ऑडिट फी १८,००० आहे. आम्हीही चुकलो का?

खतावणी:
नाही. त्या ऑडिटरला वर्षभरात दुसरी व्यावसायिक फी दिली नसेल तर मर्यादेच्या आत आहात. २०२४-२५ ला ती ३०,००० होती, एप्रिल २०२५ पासून ५०,०००.

अनघा_प:
प्रवासखर्चाचं राहिलं. एकाच बिलात असेल तर त्यावरही कापा: १,०८,४०० वर १०,८४०. जीएसटी वेगळा दाखवलाय, त्यावर नाही. हातात द्यायचे १,१७,०७२. ८,४०० मे महिन्यातले असल्याने मार्चच्या तरतुदीत नव्हते, म्हणून त्यावर व्याज नाही.

पैशाचं_बोला:
८,४०० तर ५०,००० च्या आत आहेत की! आणि खर्चाची परतफेड म्हणजे उत्पन्न नव्हे.

अनघा_प:
पुढच्या मार्चला पुन्हा लाखाची तरतूद कराल तेव्हा मर्यादा ओलांडणारच. मूळ पावत्या जोडून वेगळं बिल दिलं असतं तर न कापण्याच्या बाजूने निकाल आहेत. एकाच बिलासाठी मात्र १९९५ चं परिपत्रक ७१५ आडवं येतं. ८४० रुपयांसाठी मी वाद घालणार नाही.

रोजमेळ:
ऑडिटर म्हणतात, "आमचं उत्पन्न बिलाच्या वर्षात धरतो, २६एएस जुळलं पाहिजे." मग पुढल्या वेळी मार्चमध्ये कापलं तर?

खतावणी:
नियम ३७बीए प्रमाणे टीडीएसचं क्रेडिट उत्पन्नाच्या वर्षाला जातं, त्यांना ते पुढे ओढता येतं. तक्रार मात्र दरवर्षी येणार, धरून चला.