रिडेव्हलपमेंटच्या सभेचा व्हिडिओ आणि त्याचे चॅप्टर्स

सेक्रेटरी: रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेचा व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड टाकला आहे, लिंक पिन केली आहे. १ तास ४७ मिनिटांचा आहे. शूटिंगवाल्याने लिहून दिलेलं वेळेसकट ट्रान्सक्रिप्टही फाइलमध्ये आहे.

ए-१०३: सेक्रेटरी साहेब, एवढं सगळं बसून बघणं जमत नाही हो. मला भाड्याचं काय बोलणं झालं तेवढंच ऐकायचंय. अर्धा तास बोटाने मागेपुढे करतेय, सापडत नाही.

सी-४०१: काकू, मी चॅप्टर्स टाकतो, म्हणजे त्या जागेवर थेट जाता येईल. दर १० मिनिटांनी एक असं केलंय. बघा सगळे:

```
0:00 भाग १ सुरुवात
10:00 भाग २ चर्चा
20:00 भाग ३ चर्चा पुढे
30:00 भाग ४ प्रश्नोत्तरे
```

बी-६०२: पुढाकार घेतलास हे छान केलंस. पण यातून काकूंना भाडं सापडणार नाही. सभा काही दर १० मिनिटांनी विषय बदलत नाही. आपले प्रकल्प सल्लागार म्हणजे पीएमसी, त्यांनी एफएसआयचं गणित १५ मिनिटं मांडलं, मागच्या इतिवृत्ताचं वाचन ६ मिनिटांत आटोपलं. जिथे विषय वळला तिथे चॅप्टर पाडायचा, मग एक मोठा झाला नि एक लहान, तरी चालतं. मी सबटायटलचं काम करते, आज रात्री ट्रान्सक्रिप्ट घेऊन बसते.

सी-४०१: ताई, मी ट्रान्सक्रिप्टमध्ये "पार्किंग" शोधलं तर पाच-सहा ठिकाणी आलं. मग पहिलं धरायचं ना?

बी-६०२: नाही. पहिल्यांदा तो शब्द पीएमसींच्या बोलण्यात आलाय, "पार्किंगचं पुढे सांगतो" एवढ्यापुरता. खरी चर्चा डी विंगच्या काकांनी दोन गाड्यांचा प्रश्न काढला तिथून सुरू होते आणि बराच वेळ चालते. शब्द सापडला म्हणजे विषय सापडला असं होत नाही. त्या जागेच्या पुढची दोन-तीन मिनिटं वाचायची. लोक त्याच मुद्द्यावर टिकून बोलत असतील तरच तिथे चॅप्टर.

उलटंही होतं. काकूंना हवं असलेलं भाड्याचं बोलणं "भाडं" या शब्दाने सुरू होतच नाही. एक ताई विचारतात, "बांधकाम होईपर्यंत आम्ही राहायचं कुठे?" आणि "भाडं" हा शब्द त्यानंतर ४० सेकंदांनी येतो. चॅप्टर प्रश्नापासून सुरू करायचा. उत्तरापासून केला तर ऐकणाऱ्याला कळतच नाही की कशाचं उत्तर चाललंय.

डी-२०४: कॉर्पस शोधला तर एकदाही मिळाला नाही. त्यावर तर केवढी वादावादी झाली होती!

बी-६०२: काका, ट्रान्सक्रिप्टमध्ये तो "कार पास" असा पडलाय. म्हणून नुसत्या शोधावर जायचं नाही, एकदा सगळं वरवर तरी वाचून काढायचं.

*(दुसऱ्या दिवशी सकाळी)*

सी-४०१: ताई, मी तुमच्या पद्धतीने चार-पाच जागा काढून बघितल्या, पण ट्रान्सक्रिप्टमधल्या वेळेवर गेलं की व्हिडिओत भलतंच चालू असतं.

बी-६०२: मलाही रात्री तेच दिसलं. ट्रान्सक्रिप्ट मूळ रेकॉर्डिंगचं आहे आणि व्हिडिओ टाकण्याआधी काटछाट केलीय. सेक्रेटरी साहेब, सुरुवातीचं खुर्च्या मांडण्याचं काढलं होतं ना?

सेक्रेटरी: हो, सह्या घेणं चालू होतं तेवढं काढलं. आणि चहाची सुट्टी काढली.

बी-६०२: म्हणजे दोन कात्र्या आहेत. मी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी वेळा ताडून बघितल्या. अध्यक्षांचं स्वागत ट्रान्सक्रिप्टमध्ये 9:05 ला आहे, व्हिडिओत 1:45 ला. फरक 7:20. कॉर्पसची चर्चा 48:35 वरून 41:15 वर आली, फरक तोच. पण भाड्याचा प्रश्न 1:28:50 वरून थेट 1:09:50 वर आलाय, म्हणजे 19:00 चा फरक. चहाची 11:40 मिनिटं मध्ये गेली. म्हणून चहाच्या आधीच्या सगळ्या वेळांतून 7:20 वजा करायचे आणि नंतरच्या वेळांतून 19:00. सुरुवातीची एकच जागा तपासली असती तर भाडं, बँक गॅरंटी, मतदान सगळंच ११ मिनिटं पुढे सरकलं असतं.

हा माझा मसुदा. प्रत्येक जागा व्हिडिओत लावून बघितलीय, आणि पहिला शब्द तुटू नये म्हणून दोन-तीन सेकंद आधीची वेळ धरलीय:

```
0:00 स्वागत आणि कोरम
3:10 मागील इतिवृत्ताचे वाचन
9:25 फीजिबिलिटी रिपोर्ट: प्लॉट आणि एफएसआय
24:40 कार्पेट एरिया किती वाढू शकतो
41:15 कॉर्पस फंडाचा अंदाज
50:05 पार्किंग: दोन गाड्या असलेल्यांचं काय
1:00:30 दुकानदारांच्या मागण्या
1:09:50 भाडे आणि डिपॉझिट मंजूर
1:22:20 ज्येष्ठांची तात्पुरती सोय
1:29:00 बँक गॅरंटी, काम रखडल्यास काय
1:38:45 ठराव आणि मतदान
```

डी-२०४: पार्किंग बरोबर लागलं. पण पाण्याच्या टाकीचा आणि लिफ्टचा प्रश्न मी विचारला होता, तो कुठे गेला?

बी-६०२: काका, तो कार्पेट एरियाच्या भागात शेवटी आहे, जेमतेम दीड मिनिटाचा. अशा प्रत्येक छोट्या प्रश्नाला चॅप्टर दिला तर यादी ३०-४० ओळींची होईल आणि मोबाइलवर ती वाचणं हेच एक काम होऊन बसेल. पण तुमचा प्रश्न लोक शोधतीलच, म्हणून नाव "कार्पेट एरिया, टाकी आणि लिफ्ट" करते.

ए-२०१: भाड्याच्या ओळीत "मंजूर" कसं लिहिलं? मी सभेत होतो. पीएमसींनी आकडा सुचवला होता, त्यावर ठराव झालेला नाही. उद्या कोणी व्हिडिओ न बघता ही ओळच फॉरवर्ड केली तर भांडणं लागतील.

बी-६०२: बरोबर आहे साहेब. ट्रान्सक्रिप्टमध्ये तिथे "हे धरून चालू" एवढंच आहे, मंजुरी नाही. "भाडे आणि डिपॉझिट: प्रस्तावित रक्कम" असं करते. शीर्षकात काय बोललं गेलं ते यावं, काय ठरलं ते इतिवृत्तात येईल. इतिवृत्ताची जागा ही यादी घेऊ शकत नाही.

सेक्रेटरी: मी डिस्क्रिप्शनमध्ये पेस्ट केलं, पण चॅप्टर्स दिसत नाहीत.

बी-६०२: पहिली ओळ काय टाकलीय?

सेक्रेटरी: "स्वागत" वगळलं, कोणाला लागणार म्हणून. 3:10 पासून टाकलं.

बी-६०२: तेच कारण. यूट्यूबला पहिली वेळ 0:00 च लागते, नाहीतर तो एकही चॅप्टर धरत नाही. निदान तीन वेळा हव्यात, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा. वेळ इंग्रजी आकड्यांतच ठेवा.

सेक्रेटरी: आता दिसतायत. सरकपट्टीवर तुकडे पडले.

ए-१०३: मला डिस्क्रिप्शन कुठे उघडायचं ते कळत नाही गं. इथेच देता येईल का?

बी-६०२: हो काकू. पिन केलेल्या लिंकच्या शेवटी `?t=4190` जोडलं की थेट भाड्यावर उघडतं, कारण 1:09:50 म्हणजे ४१९० सेकंद. लिंकमध्ये आधीच प्रश्नचिन्ह असेल तर `&t=4190` जोडायचं. तुमच्यासाठी तयार लिंक वैयक्तिक पाठवलीय.

ए-१०३: उघडलं. "राहायचं कुठे" इथूनच लागलं. आता ज्येष्ठांच्या सोयीचीही तशीच पाठव, यांना ऐकवायचीय.

सी-४०१: ती मी पाठवतो काकू. 1:22:20, म्हणजे `?t=4940`.