ऊस बिल आणि आपली वही : टनामागे हातात किती आले, ताळा कसा घेतलात?

कृष्णाकाठ (सांगली जिल्हा)

२०२५-२६ च्या हंगामाची बिलं बहुतेकांच्या खात्यावर पडली असतील. कारखान्याचा कागद आणि घरची वही शेजारी ठेवून कोणी कोणी हिशेब केला, काय सापडलं, काय सुटलं नाही, ते इथे लिहा. कारखान्याचं नाव नको, आकडे मात्र द्या. सुरुवात मी करतो.

माझा खोडवा जानेवारीत गेला. ट्रॅक्टरच्या चार खेपा झाल्या: १७.४२०, १८.९६५, १६.७८० आणि शेवटची एक ट्रॉली ९.३५० टन. चारही काटा पावत्या माझ्याकडे आहेत, बेरीज ६२.५१५ टन. १ ते १५ जानेवारीच्या पंधरवड्याच्या बिलात वजन आलं ५३.१६५. म्हणजे शेवटची ट्रॉली गायब. मी थेट गट ऑफिसला गेलो. तिथल्या पोराने पावतीवरची वेळ दाखवली. ट्रॉली शेतातून निघाली १५ तारखेला संध्याकाळी, पण यार्डात नंबर लागून काट्यावर चढली १६ ला पहाटे पावणेचारला. त्यामुळे ती पुढच्या पंधरवड्यात धरली गेली. पुढच्या बिलात ९.३५० बरोबर आले. दर ३,०५० ने आहे, तो हिशेब खाली कोणीतरी समजावून सांगा. आमच्या कारखान्याचा मागच्या हंगामाचा उतारा ११.४५ आणि तोडणी-वाहतूक ९०२ रुपये जाहीर झाली आहे.

माढेकर

तुमचं बरं आहे, वजन तरी जुळलं. माझं शेत कारखान्यापासून चार किलोमीटरवर आहे. धुराडं अंगणातून दिसतं. तरी तोडणी-वाहतूक टनाला ८८० कापली. चाळीस किलोमीटरवरून येणाऱ्याची पण ८८० आणि माझी पण ८८०. ही सरळ सरळ लूट आहे. मी अंतर मोजून, डिझेलचा हिशेब लावून अर्ज दिला आहे, जास्तीचे पैसे परत मिळालेच पाहिजेत.

निवृत्त केन अकाउंट

मी कारखान्याच्या ऊस बिल विभागात नोकरी केली, आता घरी असतो. आधी माढेकरांचं. अंतर बरोबर मोजलंत, पण अर्जाने काही होणार नाही. तोडणी-वाहतूक प्रत्येकाच्या शेताची वेगळी कापत नाहीत. तोडणी, वाहतूक, मुकादमाचं कमिशन असा कारखान्याचा सगळा खर्च एकत्र करून गाळपाच्या टनाने भागतात आणि जी सरासरी येते ती सगळ्यांना सारखी लागते. जवळचा लांबच्याचं भाडं भरतो, हे खरं आहे आणि त्यावरून वार्षिक सभेत दरवर्षी वादही होतो. अर्जात विचारायचं ते वेगळं: बाहेरच्या कार्यक्षेत्रातून, साठ-सत्तर किलोमीटरवरून किती ऊस आणला आणि त्याचं भाडं या सरासरीत आहे का. कारखानानिहाय तोडणी-वाहतुकीची यादी साखर आयुक्तालयाकडून निघते. तुमच्या बिलातला आकडा त्या यादीशी जुळतो का, ते बघा.

आता कृष्णाकाठांचा दर. यंदाची एफआरपी १०.२५ उताऱ्याला टनाला ३,५५० आहे. त्यापुढे उताऱ्यात ०.१ वाढ झाली की ३४ रुपये ६० पैसे. तुमचा उतारा ११.४५, म्हणजे १.२० जास्त, म्हणजे बारा पायऱ्या. बारा गुणिले ३४.६० म्हणजे ४१५ रुपये २० पैसे. एकूण एफआरपी ३,९६५.२०. ही कारखान्याच्या गेटवरची किंमत. ऊस आपण तोडून गेटवर पोचवत नाही, कारखाना आणतो, म्हणून त्यातून ९०२ वजा. राहिले ३,०६३ रुपये २० पैसे. तुम्हाला मिळाले ३,०५०. टनामागे १३ रुपये २० पैसे कमी. तुमच्या ६२.५१५ टनाला ते ८२५ रुपये होतात, आणि तेवढ्यासाठी कोणी कारखान्यात हेलपाटे घालत नाही, हे कारखान्यालाही ठाऊक असतं. आठ लाख टन गाळप धरा, मग तेच एक कोटी पाच लाख साठ हजार होतात.

कोणत्या वर्षाचा उतारा धरायचा, यावर मधे गोंधळ होता. २०२२ च्या शासन निर्णयाने एफआरपी दोन टप्प्यांत केली होती, चालू हंगामाचा उतारा लावून. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणून मागच्या हंगामाचा उतारा लावून बघितला. आणि एक सांगतो, नुसत्या साखरेच्या पोत्यांवरून काढलेला उतारा धरू नका. बी हेवी मळी किंवा रस इथेनॉलकडे गेला की पोत्यांचा उतारा खाली दिसतो. वळवलेली साखर मिळवून जो उतारा प्रमाणित होतो, तोच एफआरपीला लागतो.

नेवाशाची सून

आमच्याकडे हिशेबाचं काम माझ्याकडे. सासरे म्हणतात, पैसे बँकेत आले की झालं. मला खटकलं ते खताचं. कारखान्याच्या गोदामातून २४,००० चं खत उधारीवर घेतलं होतं, व्याज बारा टक्के. बिलात कपात २६,४००. म्हणजे २,४०० व्याज. बारा टक्क्यांनी महिन्याला २४० होतात, तर हे दहा महिन्यांचं व्याज झालं. खत तर आम्ही ऑगस्टमध्ये आणलं आणि बिल जानेवारीत. पाच महिने, १,२०० रुपये.

गोदामाची पोच पावती मी जपून ठेवली होती. ती घेऊन शेतकी ऑफिसला गेले. तिथे खातं उघडून बघितलं तर मागणी अर्ज मार्चचा. आम्ही मार्चमध्ये नाव नोंदवलं होतं, खत आलंच नव्हतं. गोदामात माल यायला ऑगस्ट उजाडला. व्याज मात्र मागणीच्या तारखेपासून. पोच पावतीवर उचल तारीख आणि गोदामवाल्याची सही होती म्हणून त्यांना बोलता आलं नाही. १,२०० रुपये पुढच्या बिलात जमा धरले. ती पावती कार्बनची असते, शाई उडते. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, एवढंच सांगते.

गुऱ्हाळवाला कागल

आम्ही ऊस कारखान्याला घालतच नाही, गुऱ्हाळाला देतो. रोख पैसे. यंदा गुळाचा दर कसा आहे कुणाकडे? टनाला काय धरावं?

कृष्णाकाठ

दादा, इथे कारखान्याच्या बिलाचं चाललंय. गुळाचा दर समितीत विचारा.

पुण्यातून शेती

वडील गेल्यानंतर मी लांबून बघतो, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा. आमच्या बिलातून विकास सोसायटीचं पीक कर्ज पूर्ण कापलं होतं, पैसे शून्य आले, ठीक आहे. पण सोसायटीच्या सचिवांनी फोन केला, थकबाकी दिसतेय, व्याज चढतंय. कारखान्याने कापले त्या तारखेला माझ्या बिलात नोंद आहे. सोसायटीत ते पैसे महिन्याने जमा झाले. मधल्या महिन्याचं व्याज कोणाचं? सचिव म्हणतात, जमा तारीख तीच आमची तारीख. कारखाना म्हणतो, आम्ही यादी आणि चेक एकदमच पाठवतो. शेवटी मी भरलं. रक्कम फार नव्हती, पण मुदतीच्या आत परतफेड झाली तरच व्याज सवलत मिळते, आणि ती हुकली असती तर मोठा फटका होता. यावर कोणाकडे काही उपाय आहे का?

शिरोळ खोडवा

उपाय सांगता येत नाही, पण आम्ही सोसायटीत जाऊन कपातीचा कागद दाखवून नोंद करून घेतो. सचिव चांगला असेल तर धरतो.

मला बिलात न दिसणाऱ्या पैशांबद्दल लिहायचं आहे. टोळीला एकरामागे खुशाली, ड्रायव्हरला प्रत्येक खेपेला एंट्री, वर जेवण. न दिल्यास ऊस वाळतो, पाळी पुढे जाते. मी दरवर्षी ते वहीत वेगळ्या रकान्यात लिहितो आणि शेवटी टनाने भागतो. कारखाना ९०० कापतो, त्यावर हे आणखी. पावती कोणी देत नाही, म्हणून कुठे भांडताही येत नाही. उसाचा खरा दर काढायचा तर हे वजा केल्याशिवाय निघत नाही.

दुसरं म्हणजे यंदा माझा अर्धा प्लॉट मशीनने तोडला. मशीनच्या उसाला पाल्याची वजावट असते आणि ती पैशातून नाही, वजनातूनच जाते. काटा पावतीवर निव्वळ वजन एक आणि बिलातलं वजन कमी. बिल बघून कळतच नाही की कुठे गेलं. ती टक्केवारी कोणी ठरवली, पाला नेमका मोजला का, हे विचारलं तर चिटबॉयपासून शेतकी अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

बारामती ऊसपट्टा

वजनाचंच चाललंय म्हणून. मी एक खेप बाहेरच्या खासगी काट्यावर करून मग कारखान्यात पाठवली. बाहेर भरलेलं वजन जास्त आलं, कारखान्यात १८० किलो कमी. मग मी जाहीरच केलं की कारखाना काटा मारतो. दोन वर्षं झाली, वजनमाप खात्याकडे तक्रार केली, तपासणी झाली, काटा बरोबर आला असं लिहून दिलं. मला अजून पटलेलं नाही.

निवृत्त केन अकाउंट

बाहेर रिकामं वजन पण केलं होतं का? फक्त भरलेलं करून उपयोग नाही. निव्वळ ऊस म्हणजे भरलेलं वजा रिकामं, आणि दोन्ही एकाच काट्यावर झाली तरच तुलना होते. शिवाय मधल्या वेळात डिझेल जळतं, ट्रॉलीवर कोणी बसलेलं उतरतं, लांब रांग लागली तर ऊसही वाळतो. तरी १८० किलो हे सगळं धरून जास्तच वाटतं, तुमची शंका मी खोटी म्हणत नाही. तपासणीच्या दिवशी काटा बरोबर असणं आणि तुमच्या ट्रॉलीच्या वेळी बरोबर असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मशीनच्या वजावटीचं बिल विभागात विचारा, तिथे कच्च्या आणि निव्वळ वजनाचे दोन्ही रकाने असतात. बिलाच्या कागदावर एकच छापतात. हंगामभराचा कोडनिहाय खातेउतारा लेखी मागितला की तो द्यावा लागतो, आणि त्यात प्रत्येक खेपेची पावती क्रमांकासह नोंद येते. कापलेली इतर कोणतीही रक्कम, भाग विकास निधी असो, ठेव असो, तिच्यापुढे तुमची सही असलेलं संमतीपत्र आहे का, ते दाखवायला सांगा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये बारीक अक्षरात संमती घेतलेली असते, तो फॉर्मही बघा.

लातूरचा पाहुणा

तुमच्याकडे बिलं मिळतात तरी. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज आपोआप जमा होतं. आमच्याकडे बिल ४० दिवस उशिरा आलं, दीड लाखाचं बिल. व्याज आलंच नाही, म्हणून आम्ही वाट बघतोय.

निवृत्त केन अकाउंट

कायदा बरोबर सांगितलात. १९६६ च्या आदेशात तसंच आहे, आणि तुमचा हिशेब सुमारे २,४६६ रुपये होतो. पण ‘आपोआप’ काढून टाका. मागितल्याशिवाय ते व्याज दिलेलं मी फारसं पाहिलं नाही. पावत्या, बिलाची तारीख आणि बँकेची जमा तारीख लावून प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे लेखी द्या, पोच घ्या. एकट्याने देण्यापेक्षा त्याच पंधरवड्यातल्या दहा-पंधरा जणांनी एकत्र द्या, तारखा सारख्याच असतात.

माढेकर

मग बाहेरच्या उसाच्या भाड्याबद्दल विचारायचं ते पण तिथेच विचारू का सभेत? माझा आधीचा अर्ज तसाच राहू देतो.

नेवाशाची सून

दोन्हीकडे विचारा. आमच्या सभेत विषयपत्रिकेत नसलेला प्रश्न घेत नाहीत, आधी आठवडाभर लेखी द्यावा लागतो. तुमच्याकडे किती दिवस आधी, ते पोटनियमात बघा.