मदत हवी आहे: शेवटचा पगार ६०,०००, मग पेन्शनचा हिशोब ५२,००० वर कसा?

मीनल_सातारा: बाबा डिसेंबर २०२३ ला खासगी कारखान्यातून निवृत्त झाले. पीएफसोबतच्या ईपीएस पेन्शन योजनेत वाढीव, म्हणजे पूर्ण पगारावरच्या पेन्शनचा पर्याय घेतलाय. सेवा २८ वर्षं, वर दोन वर्षांचं वेटेज, म्हणून ३०. शेवटच्या वर्षी बेसिक अधिक डीए ६०,००० होता. बाबांनी ६०,००० गुणिले ३० भागिले ७० करून २५,७१४ काढले. कारखान्यातले टाइमकीपर म्हणतात ५२,००० धरा. काका बँकेतून निवृत्त झाले, त्यांना शेवटच्या दहा महिन्यांची सरासरी लागली. बाबांना का नाही?

घाटावरचा: सरकारने कापलं, दुसरं काय! आधी बारा महिन्यांची सरासरी होती, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने साठ केली.

निवृत्त_लेखापाल: कोर्टाने केली नाही, कायम ठेवली. बदल १ सप्टेंबर २०१४ चा आहे. मीनलताई, बाबांचे शेवटच्या पाच वर्षांचे पगार सांगा.

मीनल_सातारा: ४४, ४८, ५२, ५६ आणि ६० हजार. दर जानेवारीत वाढ.

निवृत्त_लेखापाल: मग सरासरी बरोबर ५२,०००. त्यावर २२,२८६ येतात, म्हणजे महिन्याला ३,४२८ कमी. दहा महिने धरले असते तर सगळेच महिने ६०,००० चे निघाले असते. साठ महिन्यांत पाच वर्षांपूर्वीचा ४४,००० चा पगारही तितक्याच वजनाने मोजला जातो. पगार जितका भरभर वाढलेला, तितका फटका मोठा. निवृत्तीआधी पाच महिने सहा हजारांची बढती मिळाली, तर दहा महिन्यांच्या सरासरीत तीन हजार चढतात, साठच्या सरासरीत फक्त पाचशे. काकांचा नियमच वेगळा, तिथे सरासरीच्या निम्मं पेन्शन असतं. त्यामुळे दोघांचे आकडे शेजारी ठेवून भांडू नका.

सुलभाकाकू: माझ्या मिस्टरांना १,३०० रुपयेच मिळतात हो. साठ महिन्यांमुळेच का? किमान पेन्शन कधी वाढणार?

निवृत्त_लेखापाल: काकू, किमान पेन्शनचा विषय वेगळा. ते कधी निवृत्त झाले आणि सेवा किती, हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. पण ज्यांचं पेन्शन १५,००० पगाराची मर्यादा धरून मोजलं जातं आणि साठही महिने पगार त्याच्या वर होता, त्यांची सरासरी १५,०००च येते. दहा धरा की साठ, काही फरक नाही.

मीनल_सातारा: २०२० मध्ये बाबा दोन महिने बिनपगारी रजेवर होते. त्याने सरासरी आणखी पडेल?

निवृत्त_लेखापाल: नाही. साठ महिन्यांतला एकूण पगार, ज्या दिवसांचा पगार मिळाला तेवढ्याच दिवसांनी भागायचा आणि तीसने गुणायचं. मात्र ते दिवस कंपनीने बिनपगारी म्हणून नोंदवलेत का, ते तपासा. नोंद नसेल तर भागाकार पूर्ण दिवसांनी होईल आणि सरासरी खरंच पडेल.

घाटावरचा: म्हणजे २२,२८६ पक्के?

निवृत्त_लेखापाल: नाही, हा फक्त सरासरीचा परिणाम दाखवला. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीची सेवा ईपीएफओ वेगळी मोजते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा आणखी कमी निघू शकतो. त्यावर लोक कोर्टात गेलेत. पेन्शनचा आदेश आला की दोन्ही भागांसाठी कोणता पगार धरलाय ते इथे टाका.

मीनल_सातारा: आदेश अजून आलेला नाही. रजेची नोंद सोमवारी कारखान्यात जाऊन बघते.