अनुभव धागा: मुलांची अर्धवट वाक्यं आणि आपलं उत्तर

पाटीपेन्सिल
मी दुसरीला शिकवते. आमच्या अभ्यासाच्या अ‍ॅपवर मुलं रोज एक वाक्य लिहितात आणि मी खाली उत्तर देते. परवा सात वर्षांच्या एका मुलाचं वाक्य आलं: "आज मी रडलो नाही कारण". बस्स, एवढंच.

आधी मी "छान! आता वाक्य पूर्ण कर" असं लिहिलं, पण पाठवायच्या आत पुसलं. आदल्याच आठवड्यात एका मुलीला तेच लिहिलं होतं, तर तिने "कारण मला आवडतं" जोडून सुटका करून घेतली होती. म्हणून या वेळी लिहिलं, "आज तू रडला नाहीस, कारण…" त्याचेच शब्द घेतले आणि तो थांबला तिथेच मीही थांबले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "कारण मी खिडकीतून आईला टाटा केला मग ती वळली."

तुमच्याकडे काय होतं? सांगा.

काना_मात्रा
बरीच वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांचं लेखन बघतेय. उत्तर देण्याआधी मी वाक्य कुठे तुटलंय ते बघते. "कारण", "पण", "मग" यांवर थांबलं असेल तर विचार डोक्यात आहे, बोटं मागे पडली आहेत. तिथे तुम्ही केलंत तेच करावं.

पण "माझा मित्" असं तुटलं असेल तर गोष्ट वेगळी. कागदावर मूल सरळ 'त्र' काढतं. कीबोर्डवर मात्र त, मग पाय मोडायची खूण, मग र. मधल्या टप्प्यावर 'त'खाली शेपूट दिसतं, मुलाला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं, आणि ते सोडून देतं. अशा वेळी "मग काय झालं?" विचारून उपयोग नाही. शेजारी बसून पुढचं एक बटण दाखवावं लागतं.

आणि मराठीत क्रियापद शेवटी, हे विसरू नका. एकीने लिहिलं होतं, "आमची मांजर कपाटावर". मी विचारलं, "चढली का?" ती म्हणाली, "हो." विषय संपला. नंतर तोंडी बोलताना कळलं, मांजर कपाटावर नव्हतीच, तीच तर गंमत सांगायची होती! माझ्या प्रश्नाला 'हो' म्हणणं तिला सोपं गेलं.

बोलका_बाबा
एवढा खटाटोप कशाला? बोलून टाइप करायची सोय द्या. माझ्या मुलाची वाक्यं एका दिवसात लांब झाली.

काना_मात्रा
लांब होतात खरी, अडकलेल्या मुलाला मीही आधी बोलायला लावते. पण लहान मूल वाक्याच्या मधे थांबतं, विचार करतं. तेवढ्यात यंत्राला वाटतं बोलणं संपलं. पुन्हा अर्धंच वाक्य, फक्त कारण वेगळं.

बोलका_बाबा
हे मात्र झालंय. "आणि मग आम्ही" अशी चार वाक्यं पडली होती. मला वाटलं तोच चिडवतोय.

संध्याकाळची_चहा
आमच्याकडेही हाच प्रॉब्लेम! कितीही विचारा, "हं" आणि "बघू" याच्या पुढे एक शब्द येत नाही. मुलगी चौदाची आहे.

पाटीपेन्सिल
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही येते. :)

लाल_शाई
एक शंका. त्या मुलाने शुद्धलेखनाच्या चुका केल्या असतीलच. तुम्ही त्या तशाच सोडल्या? चुकीचं वळण एकदा बसलं की जात नाही, हे मी दहावीच्या पेपरांत दरवर्षी बघतो.

पाटीपेन्सिल
त्याने "रडलो नाहि" लिहिलं होतं, वर मी ते नीट करून दिलंय. मी उत्तरात "नाहीस" नीट लिहिलं, बोट दाखवलं नाही. पुढच्या वेळी बदललं का? नाही, अजून "नाहि"च आहे.

काना_मात्रा
विचार पूर्ण होईपर्यंत मी चुकांना हात लावत नाही. त्यानंतर एखादीच घेते. पण लाल_शाई, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नुसतं नीट रूप दाखवून काही मुलं उचलतात, काही अजिबात नाही.

उंबरठा
सगळीच वाक्यं पूर्ण करायला लावू नका, एवढंच सांगायला आले. "काका घरी आले की मला" असं एकदा आलं होतं. ते पान इतर पालकांनाही दिसायचं. मी तिथे काहीच विचारलं नाही, "वाचलं. उद्या आपण बोलू" एवढंच लिहिलं आणि वाक्य सगळ्यांच्या नजरेआड केलं. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ बसले, "काल तू काहीतरी लिहीत होतीस" म्हटलं आणि गप्प राहिले. तिच्या तोंडी शब्द घातला नाही. बराच वेळ ती खोडरबर फिरवत बसली. मग म्हणाली, "मला लवकर झोपायला लावतात."

पाटीपेन्सिल
हुश्श. पण मीही असंच केलं असतं का, सांगता येत नाही. आमच्या अ‍ॅपवर वाक्य लपवायची सोय आहे की नाही, तेच आधी बघते.