मदत हवी आहे: सांगलीची मोठी फर्म की साताऱ्याचे एकटे सीए? आर्टिकलशिप कुठे करू?

बेदाणा_बीकॉम

नमस्कार. बी.कॉम. नंतर डायरेक्ट एंट्रीने सीए इंटर दिली. मे २०२५ मध्ये दोन्ही ग्रुप सुटले. आयसीआयटीएसएसचे आयटी आणि ओरिएंटेशन दोन्ही कोर्स झाले आहेत. गाव तासगाव तालुक्यात.

दोन ठिकाणी बोलणं झालंय. पहिली फर्म सांगलीत, विश्रामबागला. तीन भागीदार, अकरा-बारा आर्टिकल. बँकेच्या शाखा, पतसंस्था, हळदीचे व्यापारी, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार असं काम आहे. ते म्हणाले, "उद्यापासून ये, दिवाळीपर्यंत काम बघू, मग फॉर्म भरू." दुसरे साताऱ्यात पोवई नाक्याजवळ. एकटेच सीए, दोन आर्टिकल, जीएसटी आणि रिटर्नचं काम जास्त. ते १ ऑगस्टपासून लगेच नोंदणी करायला तयार आहेत. राहायला आत्याचं घर आहे.

पुढे ऑडिटमध्येच काम करायचंय. विद्यावेतनाचा फरक फार नाही. कशावरून ठरवू?

माधवनगर_रोड

सांगलीच घे. पुढे मुलाखतीत फर्मचं नाव विचारतात. आर्टिकलशिप तीन वर्षांची असते, त्यात दिवाळीपर्यंतचे तीन महिने गेले तर एवढं काय? रजाही १५६ दिवस मिळतात, अभ्यास होतो. फक्त एकदा संध्याकाळी जाऊन बघ, मुलं किती वाजता बाहेर पडतात. सातच्या पुढे रोज दिवे चालू असतील तर विचार कर.

कच्ची_खतावणी

माधवनगरसाहेब, संध्याकाळी जाऊन बघायचा सल्ला चांगला आहे. पण तीन वर्षं आणि १५६ दिवस हा जुन्या योजनेचा हिशेब झाला. १ जुलै २०२३ पासून सुरू होणारी आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे आणि रजा वर्षाला बाराच. त्याहून जास्त घेतल्या तर तेवढे दिवस पुढे भरून द्यावे लागतात.

बेदाणा, "दिवाळीनंतर फॉर्म भरू" हे वाक्य हलकं घेऊ नकोस, त्याचा हिशेब मांडून बघ. आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने अभ्यासाचे, ते पूर्ण झाल्यावरच फायनलला बसता येतं. आणि ते सहा महिने परीक्षेच्या आधीच्या महिन्याअखेर पूर्ण झालेले असावे लागतात.

१ ऑगस्ट २०२५ ला सुरुवात केलीस तर ३१ जुलै २०२७ ला संपते. सहा महिने ३१ जानेवारी २०२८ ला पूर्ण होतात. मे २०२८ ची फायनल आरामात मिळते, चार-आठ रजा जास्त झाल्या तरी. तेच डीड, म्हणजे आर्टिकलशिपचा करार, १५ नोव्हेंबरला झालं तर शेवट १४ नोव्हेंबर २०२७ आणि सहा महिने १४ मे २०२८ ला पूर्ण. म्हणजे मे २०२८ ची परीक्षा गेली. ऑगस्ट ते नोव्हेंबर तू टॅक्स ऑडिटच्या ऐन गर्दीत राबणार, आणि त्यातला एकही दिवस सीए संस्थेच्या दप्तरी लागणार नाही.

म्हणून सांगलीत थेट विचार: "सर, डीड कोणत्या तारखेचं होईल आणि फॉर्म १०३ कधी जाईल?" सुरुवातीच्या तारखेपासून तीस दिवसांत नोंदणी जायला हवी. मुलगा टिकतो का हे बघायचं म्हणून काही ठिकाणी दिवाळीपर्यंत थांबवतात. त्यांची अडचण समजते, पण तिची किंमत तुझ्या वर्षातून जाते. पंधरा दिवस बघा आणि मग मी आलो त्या पहिल्या तारखेपासूनच नोंदवा, असं म्हणायला काही हरकत नाही.

आष्ट्याची_ताई

मध्येच विचारते. माझ्या धाकट्या बहिणीचा इंटरचा पहिला ग्रुप सुटलाय, दुसरा राहिलाय. ती आत्ता साताऱ्याच्या त्या सरांकडे लागू शकेल का? तिथे जागा आहे असं दिसतंय.

कच्ची_खतावणी

ताई, नव्या योजनेत दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही. तोवर तिने ऑफिसात बसून काम शिकलं तर शिकेल, पण ते धरलं जाणार नाही. आधी दुसरा ग्रुप काढू द्या.

वसंतदादा_चौक

तारखेचं खतावणींनी सांगितलं, मी कामाचं सांगतो. "बँक, पतसंस्था, हळद" ही फर्मच्या ग्राहकांची यादी झाली. त्यातलं आर्टिकलच्या हातात काय येतं हे वेगळं. सरांना न विचारता तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचार: "मागच्या सप्टेंबरात हळदीच्या व्यापाऱ्याच्या टॅक्स ऑडिटमध्ये तू नेमकं काय केलंस?" ग्राहकाचं नाव विचारू नकोस, तो सांगणारही नाही आणि सांगूही नये.

तो म्हणाला, "टॅलीत खरेदीची बिलं टाकली, ताळेबंद जुळवला, थ्रीसीडी भरला," तर ते हिशेब लिहिण्याचं काम झालं. ऑडिट कसं असतं ते हळदीवरूनच बघ. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात नामंजूर होतो. पण शेतमाल पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडूनच घेतला असेल तर सूट आहे. आता व्यापाऱ्याच्या वहीत ८५ हजार रोख दिसले. हाताखालच्या मुलाने काय करायचं? त्या खरेदीची पट्टी मागायची. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव-गाव आहे का, तेच नाव महिन्यात वीस वेळा येतं का, वजन एका शेतकऱ्याच्या रानात निघेल एवढं आहे का, हे बघायचं. विकणारा स्वतः दुसरा व्यापारी निघाला तर सूट गेली, पूर्ण ८५ हजार अहवालात दाखवायचे. हे सगळं एका कागदावर लिहून, काय बघितलं, काय सापडलं, कोणी तपासलं, असं फाइलला लावायचं.

ज्या ऑफिसात मुलगा "पट्ट्या तपासल्या, इतक्या संशयास्पद निघाल्या, सरांनी व्यापाऱ्याला बोलावलं" असं सांगतो, तिथे ऑडिट शिकायला मिळतं. "पट्ट्या असतात, पण बघायला वेळ नसतो," असं म्हणाला तर नाव कितीही मोठं असो, तुझी दोन वर्षं बिलं टाकण्यात जातील.

आणखी एक विचार: फर्मचा पीअर रिव्ह्यू झालाय का? तो झालेल्या ठिकाणी असे कागद ठेवावेच लागतात, कारण बाहेरचा सीए येऊन फाइली उघडतो. तेवढ्यावरून काम चांगलं असेलच असं नाही, पण कागद ठेवायची सवय तरी असते.

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याच्या सरांना एवढ्यात बाद करू नका. एकट्या सीएच्या ऑफिसात आर्टिकल त्यांच्या टेबलाशेजारी बसतो. जीएसटीची नोटीस आली की उत्तराचा पहिला मसुदा त्यालाच लिहावा लागतो. बारा मुलांच्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाला ती नोटीस दिसतही नाही.

प्रश्न ऑडिटच्या संख्येचा आहे, आणि तो सरळ विचारता येतो. एका सीएला वर्षात साठपर्यंत टॅक्स ऑडिट करता येतात. "सर, मागच्या वर्षी किती केले आणि त्यात कंपन्या किती?" असं विचार. चाळीस-पन्नास असतील आणि मुलं तुला धरून तीनच, तर तुझ्या वाट्याला पंधराएक पूर्ण फाइली येतील. सांगलीत शंभरेक असतील पण मुलं बारा, तर एकाच्या वाट्याला आठ-नऊ. सातच असतील तर मात्र ऑडिटसाठी सातारा नको.

विद्यावेतनाचंही बघ. किमान रक्कम गावाच्या लोकसंख्येवर ठरते. सांगली-मिरज-कुपवाड चार लाखांच्या वर, म्हणून पहिल्या वर्षी महिना ३,००० आणि दुसऱ्या वर्षी ४,०००. सातारा चार लाखांच्या आत, तिथे २,००० आणि ३,०००. सांगलीत खोली घ्यावी लागली तर हा फरक भाड्यातच जाईल.

बेदाणा_बीकॉम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सांगलीला जाऊन आलो. दुसऱ्या वर्षाच्या ताईशी बोललो. तिने पतसंस्थेच्या सोनेतारण खात्यांची तपासणी केली होती, थकबाकी किती दिवसांची हे स्वतः मोजलं होतं, आणि कागद फाइलला लावतात म्हणाली. पट्ट्यांचं विचारलं तर म्हणाली, ते "मोठे सर" बघतात. पीअर रिव्ह्यू झालाय.

तारखेचं सरांना विचारलं. म्हणाले, घाई असेल तर १ ऑगस्टला करू, पण मोठ्या सरांकडे दहा मुलं भरलीत, म्हणून डीड तिसऱ्या भागीदारांच्या नावे होईल. ते कोल्हापूरला बसतात. काम मात्र सांगलीतच. यात काही अडचण आहे का?

कच्ची_खतावणी

हे विचारलंस ते बरं झालं. आर्टिकलची नोंद फर्मकडे होत नाही, एका सीएकडे होते. दहाची मर्यादाही त्या एका सीएची, त्यामुळे मोठ्या सरांकडे जागा नाही हे खरं असणार. एकाच फर्ममध्ये नोंद एकाकडे आणि रोजचं काम दुसऱ्याकडे असं चालतं. पण रजा, फॉर्म, शेवटचं प्रमाणपत्र, सगळ्यावर सही कोल्हापूरच्या सरांची. आणि ते उद्या फर्ममधून बाहेर पडले तर तुझी नोंद त्यांच्याबरोबर लोंबकळते. ते भागीदार कधीपासून आहेत हे संस्थेच्या संकेतस्थळावर फर्मच्या नोंदीत बघ, आणि ते पूर्णवेळ व्यवसायात आहेत ना, तेही. शिवाय नोंदणीत कामाचं ठिकाण सांगलीच लिहून घे, म्हणजे हजेरी आणि विद्यावेतन दोन्हींत घोळ होणार नाही.

माधवनगर_रोड

माझी माहिती जुनी निघाली, सुधारल्याबद्दल आभार. पण नाही जमलं तर पहिल्या वर्षात फर्म बदलता येते ना?

वसंतदादा_चौक

येते, पण फॉर्म १०९ वर आधीच्या सरांची सही लागते, आणि बरीच मुलं तिथेच अडकतात. मार्च ते सप्टेंबर कोणीही हातचा मुलगा सहज सोडत नाही. बदलता येईल या भरवशावर डीड करू नये.

अजिंक्यतारा_पायथा

बेदाणा, साताऱ्याला टॅक्स ऑडिटचा आकडा विचारलास का? तो आल्याशिवाय तुलना अर्धीच आहे. आकडा कमी निघाला तरी तिथल्या सरांना सेकंडमेंटचं विचार. ठरावीक काळ दुसऱ्या सीएंकडे पाठवायची सोय नियमात आहे, मार्च-एप्रिलच्या बँक ऑडिटला असं पाठवता येतं. मात्र ते रीतसर कळवून. तोंडी पाठवलं तर धरलं जात नाही.

बेदाणा_बीकॉम

साताऱ्याच्या सरांना सोमवारी भेटतोय. आकडा आणि सेकंडमेंट दोन्ही विचारतो. कोल्हापूरचे सर फर्ममध्ये २०२३ पासून भागीदार दिसतात, पूर्णवेळ व्यवसायात आहेत. दोनच वर्षं झालीत, हे कमी आहे का, याचं उत्तर अजून मला सापडत नाहीये.