मदत हवी आहे: फोडणी आणि शॅलो फ्राय, दोन्हींसाठी एकच भांडं कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. आमच्या नॉनस्टिक पॅनचं कोटिंग निघायला लागलंय, म्हणून आता बदलायचाय. चौघांचा स्वयंपाक, गॅसची शेगडी. रोज आमटी-भाजीची फोडणी आणि आठवड्यातून दोनतीनदा सुरमई किंवा बटाट्याचे काप.

पुन्हा नॉनस्टिक नको वाटतं. मोहरी तडतडेपर्यंत तेल तापवावंच लागतं आणि मोठ्या आचेवर रिकामा पॅन काही मिनिटांतच २६० अंशांपुढे जातो. तिथून कोटिंग खराब व्हायला लागतं.

बिडाचा तवा कापांसाठी मला सगळ्यात आवडतो. उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे गार मासा टाकला तरी तवा थंडावत नाही आणि रव्याचं आवरण कुरकुरीत होतं. पण बिडाच्या कढईत चिंच-कोकमाची आमटी उकळली तर ती काळपट होते, लोखंडाची चव उतरते, तेलाचा थरही जातो. शिवाय गॅस बंद केल्यावरही बीड तापलेलंच राहतं, त्यामुळे फोडणीतला लसूण करपतो.

स्टीलमध्ये आंबटाची अडचण नाही. ट्रायप्लाय कढई पाहिली, मधे ॲल्युमिनियमचा थर असल्याने ती सगळीकडे सारखी तापते. मैत्रिणीकडे त्यात काप केले. पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळेपर्यंत कढई तापवली, मग तेल घातलं. तरी रवा तळाला चिकटलाच.

ट्रायप्लाय वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: तेल घातल्यावर आच किती ठेवता? काप कधी उलटता? की फोडणीला स्टील आणि कापांना बिडाचा तवा, अशी दोन भांडीच घ्यावीत?