तमिळ ळ आणि ऴ चा घोळ, मदत हवी आहे

आम्ही चेन्नईत असतो, मुलगी सातवीत, सेकंड लँग्वेज तमिळ. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायचा होता, तिने 'विडुप्पु अळिक्कुमाऱु' म्हणजे 'रजा द्यावी' असं लिहायच्या ऐवजी ळ च्या जागी ऴ टाकला, आणि अऴि म्हणजे नष्ट करणे, म्हणजे रजा नष्टच करा की! वर 'पळ्ळि' (शाळा) मध्ये साधा ल टाकून पल्लि केलं, म्हणजे पाल 😄

ल-ळ मराठीमुळे मी कानाने पकडून देते, पण ऴ चं काय? इथले शेजारीपण बोलताना सरळ ळ च म्हणतात, मग ऐकून कळणार कसं.

न चे दोन प्रकार मात्र जमले, उच्चार सारखाच पण शब्दाच्या सुरुवातीला आणि त च्या आधी एक, बाकी बहुतेक ठिकाणी दुसरा, म्हणून 'नऩ्ऱि' (आभार) मध्ये दोन्ही येतात. ळ-ऴ साठी असा जागेवरून ओळखायचा काही नियम आहे का, की शब्द पाठच करायचे? तमिळ शाळेत शिकलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, सोमवारी अर्ज परत लिहून द्यायचाय.